अंगाचे माप

परदेशी असलेला आप्त प्रेमाने विचारतो, ‘कोट पाठवतो, माप कळवा.’ आपण चार आकडे लिहून मोकळे होतो आणि पुढे फसतो. आमच्या घरी, लखनौस, हेच घडले.

धाकटा भाऊ जर्मनीत असतो. पौषातल्या धुक्यात वडिलांना ऊब मिळावी म्हणून त्याने माप मागितले. अमीनाबादच्या शिंप्याने पूर्वी शिवलेल्या कोटाची चिठ्ठी घरात होती. तीवरून मी ‘छाती ४२ इंच’ असे कळवले. कोट आला तो खांद्यांवरून ओघळलेला, बाह्या बोटांपर्यंत उतरलेल्या. वडील मात्र म्हणाले, “छान आहे. थंडीत सैलच बरा.” भावाला वाईट वाटू नये म्हणून संपूर्ण हिवाळा त्यांनी तो घातला.

चूक माझी होती. चिठ्ठीतले ४२ हे तयार कोटाचे माप होते. वडिलांची छाती ३८ इंचच. हालचालीसाठी लागणारी चार इंचांची सैल शिंप्याने त्यात आधीच धरली होती. दुकानातल्या कोटावरचा क्रमांक मात्र अंगाच्या मापाचा असतो आणि सैल कारखान्यानेच ठेवलेली असते. जर्मनीत हा क्रमांक म्हणजे सेंटिमीटरमधील छातीचा निम्मा आकडा. ३८ इंच म्हणजे सुमारे ९६ सेंटिमीटर, म्हणून वडिलांचा क्रमांक ४८. भावाने ४२ इंचांवरून हिशेब केला आणि ५४ घेतला.

कोट अमीनाबादला नेला, तेव्हा शिंपी म्हणाला की बाह्या आखूड करता येतील, बाजूच्या शिवणी आत घेता येतील. पण खांदा उतरवायचा तर बाही उसवून सगळी बगल नव्याने बसवावी लागेल, आणि तरीही तो नीट बसेलच असे नाही. म्हणून खांद्याचे माप चुकवू नये.

पुढच्या वर्षी वडिलांना सदऱ्यावर सरळ उभे करून, दोघांनी मिळून मापे घेतली आणि लिहिले :

“धाकट्यास आशीर्वाद. सर्व मापे सेंटिमीटरमध्ये, अंगाची आहेत. सैल धरलेली नाही. छाती, काखेखालून, फीत न आवळता, ९६. पोट, सर्वांत पुढे आलेल्या जागी, ९४. पाठीवरून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत ४४. बाही, खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत, कोपर किंचित वाकवून, ६०. तिकडे बाही मानेच्या मध्यापासून मोजत असतील, तर त्यात खांद्याचे निम्मे, म्हणजे २२ मिळव. आत पातळ स्वेटर असतो. बाबांना नीट बसणारा जुना कोट सपाट पसरून मोजला : एका काखेपासून दुसरीपर्यंत ५३. दुकानातला कोट असाच मोजून पाहा.”

या शेवटच्या मापाने फार उपयोग झाला, कारण क्रमांक सारखा असला तरी निरनिराळ्या कारखान्यांचे कोट सारखे नसतात.

दुसरा कोट अंगात घालून वडील आरशासमोर उभे राहिले. खांदे चाचपून म्हणाले, “हा माझा आहे.” तेव्हा कुठे पहिल्या कोटाविषयीचे त्यांचे खरे मत आम्हांस कळले.