अंतराळवीराची वाढलेली उंची

जपानी अंतराळवीर नोरिशिगे कानाई, जे पेशाने डॉक्टर होते, ते डिसेंबर 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले आणि जानेवारी 2018 मध्ये त्यांनी समाजमाध्यमावर कळवले की आपली उंची 9 सेंटिमीटरने वाढली असून परतीच्या सोयूझ यानाच्या आसनात आपण मावू की नाही, याची चिंता वाटते. ही चिंता अनाठायी नव्हती, कारण सोयूझमधील आसनाचे अस्तर प्रत्येकाच्या शरीराचा साचा घेऊन घडवलेले असते आणि जमिनीवर आदळतानाचा धक्का पाठीला सोसवावा, यासाठी ते नेमके बसावे लागते. रशियन सहकारी अंतोन श्काप्लेरोव यांना मात्र तो आकडा पटला नाही. कानाई यांनी पुन्हा मोजले तेव्हा वाढ 2 सेंटिमीटरच भरली आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. अंतराळात उंची फार तर 3 टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे 180 सेंटिमीटर उंचीच्या माणसात सुमारे साडेपाच सेंटिमीटर, हे ध्यानात घेतले तर 9 हा आकडा मोजमापाच्या चुकीचाच असणार, हे उघड होते.

ही वाढ हाडांची नसून पाठीच्या कण्याची असते. दोन मणक्यांमध्ये जी गादी असते, तिच्या मऊ गाभ्यात पाणी धरून ठेवणारे रेणू असतात. पृथ्वीवर दिवसभर उभे राहिल्याने शरीराच्या भाराखाली त्यातले थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत शिरते, म्हणूनच प्रत्येक जण सकाळी संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो. कक्षेत मात्र स्थानक आणि माणूस दोघेही एकत्रच पृथ्वीकडे पडत असल्याने कण्यावर भारच येत नाही, गादी दाबली जाण्याची वेळ येत नाही, आणि शिवाय कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊन कणा लांब होतो.

गादी फुगणे हेच एकमेव कारण मानणे मात्र घाईचे ठरेल. सहा अंतराळवीरांच्या कण्याचे उड्डाणापूर्वी व नंतर एमआरआय काढणाऱ्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाद्यांच्या जाडीत ठोस फरक आढळला नाही. कण्यालगतचे स्नायू मात्र लक्षणीय रोडावले होते. परतल्यानंतर काढलेल्या चित्रांत कक्षेतील फुगवटा उरला नसेल, ही शक्यता असली तरी बाक सपाट होण्याचा आणि स्नायू दुबळे होण्याचा वाटा दुर्लक्षून चालणार नाही. कणा असा ताणला गेल्यानेच कक्षेतील पहिल्या काही दिवसांत अनेकांची कंबर दुखते आणि गुडघे छातीशी घेतल्यावर आराम पडतो.

जमिनीवर उतरताच भार परत येतो, कमरेचा बाक पूर्ववत होतो, गाद्यांतले जादा पाणी निघून जाते आणि उंची लवकरच मूळ मापावर येते. स्नायू इतक्या लवकर सावरत नाहीत, आणि परतल्यानंतरच्या काळात गादी सरकण्याचा धोका अंतराळवीरांत सामान्य माणसांहून जास्त आढळला आहे, त्यामुळे मोजपट्टीवर उंची पूर्ववत दिसली तरी पाठीचे व्यायाम पुढे बराच काळ चालू ठेवावे लागतात.