रोजमेळातील एक वेगळा रकाना

आमचे किराणा व धान्याचे दुकान मुलचेऱ्याच्या बाजारात आहे. दुकानाचे दार ओढण्यापूर्वी दिवसाचा रोजमेळ लिहून काढायचा, ही वडिलांनी लावलेली शिस्त मी आजही पाळतो. मात्र गेली काही वर्षे त्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी आणखी एक रकाना आखत आलो आहे. त्यात विक्री नसते, उधारी नसते. दिवसभरात मी किती वेळा शौचास गेलो आणि रात्री किती वेळा उठलो, एवढेच दोन आकडे असतात. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात असा विषय काढावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु याच संकोचाने माझे दोन महिने घेतले, म्हणून वाचक बंधू-भगिनींपुढे तो अनुभव मांडतो.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वारंवार सूज व व्रण येण्याचा आजार होता. अनेक वर्षांच्या औषधांनंतरही रक्तस्राव थांबेना, तेव्हा नागपूर येथे २०१६ साली माझे संपूर्ण मोठे आतडे व गुदाशय काढण्यात आले. लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडून, शिवून, त्याची इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची पिशवी तयार केली व ती गुदद्वाराशी जोडली. या पिशवीला पाऊच म्हणतात. काही महिने पोटावर शौचासाठी तात्पुरते छिद्र होते; ते बंद झाल्यावर शौच पुन्हा नैसर्गिक मार्गाने होऊ लागले. ही शस्त्रक्रिया लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकोल्स यांनी १९७८ साली प्रथम प्रसिद्ध केली आणि ‘जे’ आकार पुढे जपानमधील उत्सुनोमिया यांनी रूढ केला.

रुग्णालयातून निघताना परिचारिकेने बजावले होते, “काका, आता दिवसाला पाच-सहा वेळा आणि रात्री एखाद वेळ जावे लागेल. तुमच्यासाठी हेच नेहमीचे. पण तुमचा नेहमीचा आकडा तुम्हाला ठाऊक असू द्या.” मी तीन महिने आकडे लिहिले. सहा आणि एक, सहा आणि एक. मग कंटाळून लिहिणे सोडले.

चूक तेथेच झाली. २०१८ च्या आषाढात शौचाची संख्या वाढू लागली, पण ती इतक्या हळूहळू वाढली की सहावरून नऊवर केव्हा गेली ते मला कळलेच नाही. मग पातळ, पाण्यासारखे होऊ लागले. गिऱ्हाईक समोर असताना एकाएकी अशी घाई होई की तराजू तसाच सोडून धावावे लागे. ओटीपोटात पिळवटे, सायंकाळी अंगात कणकण आणि रात्री झोपेत कपडे खराब होणे सुरू झाले. हे शेवटचे मी पत्नीपासूनही लपवले. पहाटे उठून चादर स्वतः धुऊन टाकू लागलो.

पाऊस होता, गावात अनेकांची पोटे बिघडली होती. आमच्या घरी पाणी उकळून व गाळूनच पितात, तरी मी पाण्यालाच दोष दिला. शौच थांबवणारी गोळी घेतली, दोन दिवस बरे वाटले. त्याच काळात पोती उचलून सांधे दुखत होते म्हणून वेदनाशामक गोळ्याही घेत होतो. पुढे एका परिचिताच्या सांगण्यावरून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या. त्या सकाळी पेलाभर दुधाबरोबर घेतल्या, तिसऱ्या दिवशी आराम पडताच बंद केल्या आणि उरलेल्या गल्ल्यात ठेवून दिल्या. दहा दिवसांत त्रास दुपटीने परतला. आता आकडा चौदावर गेला होता आणि रात्री चार वेळा उठणे होत होते. मनात एकच भीती होती : आतडे काढूनही जुना आजार परत आला.

एका पहाटे मोरीत चादर धुताना पत्नी मागे उभी असलेली दिसली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “अहो, दुकानातली खोट तुम्ही एका दिवसात शोधता. ही किती दिवस लपवणार?” आष्टीजवळ वैनगंगेला पूर असल्याने चंद्रपूरकडचा रस्ता बंद होता. पाणी ओसरल्यावर, चौथ्या दिवशी, आम्ही नागपूरला पोहोचलो.

डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले व सांगितले की हा बहुधा पाऊचायटिस, म्हणजे पिशवीच्या अस्तराचा दाह आहे. कोलायटिसमुळे ज्यांची अशी पिशवी होते, त्यांच्यातील जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात केव्हा तरी तो होतो. लक्षणे ठराविक असली तर पहिल्या वेळी तपासणीवाचूनही औषध देतात. परंतु माझे औषध अर्धवट झाले असल्याने त्यांनी दुर्बिणीतून पिशवी पाहण्याचे ठरवले. घाई, पातळ शौच व पिळवटे केवळ पाऊचायटिसमध्येच होतात असे नाही. पिशवी जेथे जोडलेली असते तेथे जुन्या अस्तराची छोटी पट्टी उरते. तिला सूज आली तरी असाच त्रास होतो, मात्र त्यात रक्त अधिक दिसते. जोड अरुंद झाला तर पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि पुनःपुन्हा जावे लागते. प्रतिजैविके घेतल्यानंतर वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूमुळेही हेच घडते. त्यासाठी मलाची चाचणी केली. काही जणांची पिशवी तर पूर्ण निरोगी दिसते, तरीही त्रास असतो. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

माझी जोडाची पट्टी ठीक होती, मलाची चाचणी निर्दोष आली. पिशवीचे अस्तर मात्र लाल, सुजलेले व ठिकठिकाणी सोललेले होते. बायोप्सीनेही पाऊचायटिसच ठरला.

मी विचारले, “आतडे काढले, मग दाह कशाचा?” डॉक्टरांचे उत्तर मला आजही आठवते. लहान आतड्यातून अन्न सतत पुढे सरकत असते. तेथे ते साठत नाही. आपण त्याच आतड्याची पिशवी करून तेथे मल साठवतो, आणि साठलेल्या मलात जंतूंची वस्ती वाढते व बदलते. पण केवळ जंतूंमुळेच सारे घडत नाही. आतड्यात शेकडो गाठी येण्याच्या आनुवंशिक विकारातही हीच शस्त्रक्रिया, हीच पिशवी करतात, तरी त्या रुग्णांना पाऊचायटिस क्वचितच होतो. म्हणजे कोलायटिस ज्या स्वभावातून आला, शरीराचा तो जंतूंवर चवताळण्याचा स्वभाव शिल्लक असतो. नवी पिशवी त्याला नवी जागा देते. जुना आजार परतला नव्हता, पण त्याचे मूळ पूर्ण गेलेही नव्हते.

औषध साधे होते : सिप्रोफ्लॉक्सासिन, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून दोन वेळा, पूर्ण चौदा दिवस. डॉक्टरांनी दुधाविषयी मुद्दाम विचारले. दूध, दही, कॅल्शियम वा लोहाच्या गोळ्या यांच्याशी हे औषध बांधले जाते व आतड्यातून नीट शोषले जात नाही. म्हणून गोळी पाण्याबरोबर घ्यावी आणि ती हे पदार्थ घेण्याच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर असावी. माझा पहिला प्रयत्न का फसला याचे एक कारण त्या दुधाच्या पेल्यात होते, दुसरे गल्ल्यात पडून राहिलेल्या गोळ्यांत. टाचेमागच्या शिरेत दुखू लागले तर पोती उचलणे व गोळी दोन्ही थांबवून लगेच कळवावे, असेही त्यांनी सांगितले, कारण या औषधाने क्वचित स्नायुबंध दुखावतात. वेदनाशामक गोळ्या तर त्यांनी बंदच केल्या. त्या पिशवीचा दाह वाढवू शकतात.

आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही. आषाढात सूर्योदयानंतर एक व मावळतीपूर्वी एक अशा दोन गोळ्या सहज बसल्या. हिवाळ्यात दिवस लहान असला तरी अंतर तासा-दीड तासाने कमी झाल्यास बिघडत नाही, असे डॉक्टर म्हणाले. पर्युषण जवळ आले होते व मला उपवास करायचा होता. त्यावर त्यांनी स्पष्ट नकार दिला. पाणी व मीठ साठवून घेणारे मोठे आतडेच मला नाही. त्यात दिवसाला चौदा जुलाब. अशा शरीराने निर्जल राहिल्यास मूत्रपिंडावर घाला येतो. त्या वर्षी मी उपवासाऐवजी मीठ-साखरेचे पाणी घेतले. आत्यांनी ऐकले तेव्हा त्या म्हणाल्या, “बाळ, शरीर राहिले तर पुढची पर्युषणे आहेत.”

तिसऱ्या दिवशी ताप गेला, पाचव्या दिवशी रात्रीचे उठणे दोनवर आले, बाराव्या दिवशी पुन्हा सहा आणि एक. या वेळी बरे वाटल्यावरही चौदा दिवस पुरे केले. तेव्हापासून रोजमेळाच्या शेवटच्या पानांवर तो रकाना आहे.

दीड वर्षाने त्याचा उपयोग झाला. माघात आकडे सात, आठ, नऊ, दहा असे चढताना दिसले आणि चौथ्याच दिवशी मी दूरध्वनी केला. या वेळी मेट्रोनिडॅझोल दिले, ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा. तोंडात धातूची चव राहिली, नवव्या दिवशी पावलांना मुंग्या येऊ लागल्या. हे औषध नसांवर परिणाम करू शकते, म्हणून कळवताच डॉक्टरांनी ते बदलून सिप्रोफ्लॉक्सासिनवर आणले. नंतर निरोगी जंतूंची भुकटी काही महिने घेतली. ती थंड जागी ठेवावी लागते व आमच्याकडे वीज जाते, हा त्रास होता. कॅप्सूलऐवजी पुडी घेतल्याने जिलेटिनचा प्रश्न मात्र उरला नाही. तिचा फायदा सर्वांना होतोच असे नाही, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

काहींना औषध थांबवताच त्रास परततो व त्यांना थोड्या मात्रेत प्रतिजैविक दीर्घकाळ घ्यावे लागते. काहींना चार आठवड्यांच्या प्रतिजैविकानेही आराम पडत नाही. अशा वेळी तीच गोळी वाढवत न जाता पुन्हा दुर्बिणीने पाहून वेगळे उपचार करतात. भरपूर रक्त जाणे, तीव्र ताप, लघवी कमी होणे, अथवा पोट फुगून उलट्या होणे व शौच अजिबात न होणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

काल रात्री मी रोजमेळ लिहिला. विक्री बेताची, उधारी नेहमीसारखी. शेवटच्या पानावर : सहा, एक. पत्नीने चष्मा लावून तो आकडा पाहिला आणि दिवा मालवला.

जय जिनेंद्र.