आकडा तोच, वाक्य आपलं

माझ्या वर्गातली मुलं प्रकल्प लिहितात तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. बाकीचा मजकूर त्यांचा असतो, पण आकडा आला की भाषा एकदम बदलते. वाक्य लांबलचक होतं, कर्मणी प्रयोग येतो, ‘सदर’ आणि ‘निदर्शनास आले’ असे शब्द येतात. म्हणजे वाक्य वर्तमानपत्रातून किंवा अहवालातून उचललेलं असतं. विचारलं तर उत्तर मिळतं, “सर, आकडा कसा बदलणार?”

प्रश्न बरोबर आहे. आकडा बदलायचा नाहीच, वाक्य बदलायचं. आकडा ही माहिती आहे आणि ती सगळ्यांची आहे. तो कुठून घेतला हे सांगितलं की पुरे. वाक्य मात्र कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि ते उचललं की त्याच्या चुकाही आपल्या होतात. आपल्या समाजाबद्दलचाच एक आकडा घेऊन हे सांगतो.

२०११ च्या जनगणनेचे धर्मवार साक्षरतेचे तक्ते २०१६ मध्ये जाहीर झाले. त्यानंतर एक बातमी सगळीकडे फिरली: देशात निरक्षरांचं प्रमाण मुस्लिमांमध्ये सर्वांत जास्त, ४२.७ टक्के. आजही भाषणांत, निबंधांत आणि आपल्याच लोकांच्या लेखांत हे वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत भेटतं. शिक्षणावर लिहिताना नववीतल्या एका मुलीने ते वहीत उतरवलं होतं. मी तिला एकच विचारलं, “हे ४२.७ टक्के कुणाचे?” ती म्हणाली, “मुसलमानांचे.” “कोणत्या वयाच्या?” यावर ती गप्प झाली, कारण वाक्यात ते नव्हतंच.

टक्केवारीचं वाक्य लिहिण्याआधी हा प्रश्न विचारावाच लागतो. टक्के म्हणजे शंभरातले किती, पण ते शंभर कोण? उर्दूत आपण ‘फ़ीसद’ म्हणतो, तेव्हा ‘सद’मध्ये कोणकोण मोजलं हे आधी पाहायचं. उत्तर बातमीत सापडत नाही, तक्त्याच्या मथळ्यात आणि त्याखालच्या टिपेत सापडतं. जनगणनेत शून्य ते सहा वर्षांची सगळी मुलं निरक्षर धरतात, मग एखादं सहा वर्षांचं पोर अलिफ-बे आणि बाराखडी दोन्ही लिहीत असलं तरी. ४२.७ हा आकडा एकूण लोकसंख्येवर काढलेला आहे. पाळण्यातलं बाळही त्यात निरक्षर म्हणून मोजलेलं आहे. काही बातम्यांनी तर याच आकड्यापुढे ‘सात वर्षांवरील’ असं जोडलं, आणि तिथे वाक्य सरळ चुकीचं झालं.

आता हिशेब पाहू. आधी सगळ्या देशाचा. २०११ ला लोकसंख्या सुमारे १२१ कोटी होती, त्यातले साक्षर ७६.४ कोटी. शंभरात हे ६३ होतात, म्हणजे निरक्षर ३७. पण शून्य ते सहा वयाची मुलं सुमारे १६.५ कोटी होती. ती बाजूला काढली तर उरतात १०४.६ कोटी आणि त्यांत साक्षर तेच ७६.४ कोटी. प्रमाण ७३ टक्के होतं. साक्षरतेचा दर म्हणून जनगणना हाच आकडा देते.

मुस्लिमांचंही तसंच. एकूण लोकसंख्येवर साक्षर ५७.३ टक्के, आणि सात वर्षं व त्यावरच्या वयात ६८.५ टक्के. म्हणजे त्या वयोगटात निरक्षर ३१.५ टक्के. ४२.७ आणि ३१.५ दोन्ही आकडे एकाच जनगणनेतले आहेत आणि दोन्ही खरे आहेत. फक्त शंभर वेगळे आहेत.

इथे एक सावधगिरी हवी. ३१.५ हा आकडा ऐकायला बरा वाटतो म्हणून तो उचलून देशाच्या ३७ शी ताडला, तर तीही तितकीच मोठी चूक आहे. तुलना करायची तर दोन्हीकडे शंभर सारखेच हवेत. ३१.५ समोर देशाचे २७ ठेवायचे. फरक साडेचार टक्क्यांचा उरतो. आपण मागे आहोत हे खरंच आहे, फक्त किती मागे आहोत ते नीट कळतं.

एवढं समजल्यावर मूळ बातमी मिटवून ठेवावी आणि तक्ता समोर घेऊन वाक्य लिहावं. बातमी समोर असली की आपण तिचेच शब्द मागेपुढे करत बसतो. इंग्रजी बातमीचं मराठी केलं की ते आपलं झालं, असं पुष्कळांना वाटतं. उर्दू माध्यमातून आलेली मुलं तर तीन भाषांतून वाक्य फिरवून आणतात. पण वाक्याची चाल तीच राहिली तर ते भाषांतर असतं, आपलं लेखन नव्हे. चुकीचा ‘शंभर’ही भाषांतरात जसाच्या तसा येतो.

त्या मुलीने शेवटी लिहिलं ते असं: “२०११ च्या जनगणनेनुसार, सात वर्षं पूर्ण झालेल्या शंभर मुस्लिमांपैकी सुमारे ६८ ते ६९ जणांना समजून लिहितावाचता येत होतं. सगळ्या देशात याच वयाच्या लोकांमध्ये हे प्रमाण ७३ होतं.” यात वर्ष, स्रोत, वय आणि तुलना सगळं आहे, आणि एकही शब्द बातमीतला नाही.

तिने ‘समजून लिहितावाचता’ म्हटलं तेही महत्त्वाचं आहे. आधीच्या कच्च्या मसुद्यात ‘साक्षर’ऐवजी ‘शिकलेले’ असा शब्द होता. शब्द बदलला पाहिजे म्हणून बदललेला. पण जनगणनेत कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारा माणूस साक्षर, मग तो शाळेत गेलेला नसला तरी. उर्दूत पत्र लिहिणारी नानी साक्षर आहे. नुसतं वाचता येतं पण लिहिता येत नाही, असा माणूस साक्षर नाही. ‘शिकलेले’ म्हटलं की आकडा तोच राहतो आणि अर्थ बदलतो. अशा व्याख्येच्या शब्दाला समानार्थी शब्द शोधू नये. तो तसाच ठेवावा किंवा त्याचा अर्थ उलगडून लिहावा. व्याख्येचा शब्द वापरणं ही चोरी नाही.

उलट, विशेषणं मात्र पहिल्यांदा गाळावीत. ‘तब्बल’, ‘केवळ’, ‘चिंताजनक’ हे तक्त्यात नसतात, बातमीदाराने घातलेले असतात. ४२.७ चं ‘जवळपास निम्मे’ करणंही तसंच. निम्म्याला सात टक्के कमी पडतात, आणि आपल्या संख्येत ते सात टक्के म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास माणसं आहेत.

वाढ सांगतानाही शब्द जपावा लागतो. २००१ मध्ये मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती, २०११ मध्ये ६८.५. ‘साक्षरता ९.४ टक्क्यांनी वाढली’ हे वाक्य सगळे लिहितात, पण त्याचे दोन अर्थ निघतात. ५९.१ च्या मानाने पाहिलं तर वाढ जवळजवळ १६ टक्के आहे. म्हणून सरळ ‘५९.१ वरून ६८.५ वर आली’ असं लिहावं.

वाक्य झालं की मी मुलांना एक तपासणी करायला लावतो. तक्ता न पाहिलेल्या मित्राला वाक्य वाचून दाखवायचं आणि विचारायचं: कुणाचं, कोणत्या वयाचं, कधीचं, कशाशी ताडलेलं? चारही उत्तरं वाक्यातूनच आली, तर तो आकडा वहीत ठेवायचा. एकही अडलं तर पुन्हा तक्त्याकडे जायचं.