गुरुवारची एस.टी. आणि दहा तारीख

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना गावच्या दूध डेअरीत मी कामाला होतो. डेअरीत माणसं तीनच. तात्या सचिव, अण्णा दुधाचं माप घेणार, आणि मी सॅम्पलची फॅट, डिग्री काढून वहीत आणि ज्याच्या त्याच्या कार्डावर लिहिणार. कॉलेज तालुक्याला, चौदा किलोमीटरवर. वडील म्हणाले होते, "पासाचं आन् पुस्तकांचं तुझं तू बघ, बाकीचं आमी बघतो." त्यामुळं ही नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या वर्षी मी एक वेळापत्रक केलं होतं. चांगलं आखीव, लाल-निळ्या शाईत. सकाळी सहा ते साडेसात डेअरी, आठ दहाची एस.टी., मग कॉलेज, संध्याकाळी साडेपाच ते सात पुन्हा डेअरी, आणि रात्री नऊ ते बारा अभ्यास. ते बघून आई खूश झाली. पण कागदावरचे ते रात्रीचे तीन तास म्हणजे निव्वळ थाप होती. पहाटे पाचला उठलेलं पोरगं रात्री नऊला पुस्तक उघडतं तेव्हा काय होतं ते सांगायला नको. कंदील मात्र बारापर्यंत जळायचा.

दुसरी गफलत गुरुवारची. त्या दिवशी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असायचं आणि ते पावणेपाचला सुटायचं. पाचची एस.टी. पकडायला पंधरा मिनिटं पुष्कळ, असं मी धरलं होतं. पण गुरुवार तालुक्याच्या बाजाराचा. गाडी स्टँडवरच भरायची, अन् कॉलेजच्या थांब्यावर कंडक्टर नुसता हात हलवून पुढं जायचा. पुढची गाडी सव्वासहाला. मी पोचेपर्यंत अण्णा एकटा माप घेतोय, बाया चरव्या घेऊन ओळीनं उभ्या, आणि कॅन न्यायला आलेला टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. उन्हाळ्यात एका गुरुवारी अशा उशिरानं टेम्पो खोळंबला आणि चाळीस लिटरचा एक कॅन शीतकरण केंद्रावरून आंबट म्हणून परत आला. तो तोटा संस्थेच्या, म्हणजे सगळ्यांच्याच अंगावर पडला. तात्या मला काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

पण खरी गोष्ट दहा तारखेची आहे. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघायचं. दहा, वीस आणि महिनाअखेर. त्या रात्री प्रत्येक सभासदाच्या वीस वेळच्या दुधाची बेरीज मारायची, फॅटप्रमाणं दर लावायचा, उचल वजा करायची. सव्वाशे सभासद. एप्रिलमध्ये माझा फिजिक्सचा पेपर अकरा तारखेला आला. दहाच्या रात्री दोनपर्यंत बेरजा मारल्या आणि सकाळी तसाच पेपरला गेलो. पेपर गेला. निकालात एटीकेटी लागली.

त्याच्याही आधी, बिल वाटपाच्या दिवशी, आमच्या गल्लीतली काकी डेअरीत आली. नवरा नसलेली बाई, एका म्हशीवर घर चाललेलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. कार्ड पुढं करून म्हणाली, "बाळा, वीस येळा दूध घातलं म्या. कंच्याबी येळंला दोन लिटराच्या खाली माप न्हाई. मग चाळीसाच्या आत कसं ईल रं?"

बघितलं तर एक्केचाळीसच्या जागी मी एकतीस मांडले होते. हातचे तीन धरले होते, चार धरायला हवे होते. दहा लिटरचे पैसे. पुढच्या बिलात ते दिले, पण तोवर दहा दिवस तिनं वाण्याची उधारी कशी सांभाळली, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या वर्षी मी लाल-निळी शाई बाजूला ठेवली आणि आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहिल्या. म्हशीची धार हलत नाही. एस.टी. हलत नाही. लेक्चरं हलत नाहीत, कारण हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नव्हते. मग हलणारं काय? एक, प्रॅक्टिकलची बॅच. सरांना गुरुवारच्या बाजाराचं सांगितलं. सर स्वतः खेड्यातले, हसले आणि सोमवारच्या बॅचमधल्या एका मुलाशी माझी अदलाबदल करून दिली. वर्ष सुरू होताना हे जमतं. जर्नल निम्मं झाल्यावर कुणी जमू देत नाही.

दुसरं, अभ्यास. प्रॅक्टिकल नसलेल्या दिवशी लेक्चरं सव्वाबाराला संपायची आणि परतीची गाडी सव्वातीनला. पहिल्या वर्षी हे तीन तास मी कट्ट्यावर घालवले होते, कारण ते वेळापत्रकात 'कॉलेज' या नावाखालीच गेले होते. आता भाकरी खाऊन पावणेएक ते तीन लायब्ररीत. आठवड्यातून चार दिवस. रोजचे सव्वादोन तासच, पण जागेपणीचे. रात्री नऊला सरळ झोपायचं.

तिसरं, बिल. सकाळचं दूध संपल्यावर टेम्पो येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तंबाखू मळत बसायचो. म्हणजे अण्णा मळायचा, मी बघायचो. त्या वेळात मी आदल्या संध्याकाळची आणि त्या सकाळची बेरीज चढवत न्यायला लागलो. त्यामुळं दहा तारखेच्या रात्री फक्त त्याच संध्याकाळची भर घालायची आणि दर लावायचा. काम साडेनऊला हातावेगळं. आणि चूक झालीच तर ती दुसऱ्या दिवशी सापडायची, दहा दिवसांनी नाही.

राहिले परीक्षेचे आठवडे. परीक्षेत रजा मागितली तर कुणी देत नाही. आमची जत्रा चैत्रात, लग्नसराई तेव्हाच, ज्याला त्याला आपली घाई. म्हणून मी आधीच फेडायचं ठरवलं. अण्णाला म्हणालो, "थंडीत तुमच्या ऊसाला तोड आली की तुमच्या पाळ्या मी करतो. एप्रिलात तुम्ही माझ्या करा."

अण्णा म्हणाला, "लिवून ठेव. मी इसरंन."

कालनिर्णयच्या मागच्या पानांवर खुणा केल्या. डिसेंबर ते फेब्रुवारी चौदा पाळ्या झाल्या. पेपर सहा. प्रत्येक पेपरच्या आदली संध्याकाळ आणि त्या दिवशीची सकाळ, म्हणजे बारा. दोन पाळ्या मुद्दाम शिल्लक ठेवल्या होत्या. त्यातली एक लागलीच. एक पेपर नेमका एकवीस तारखेला आला आणि वीसच्या संध्याकाळी बिलाची शेवटची भर तात्या एकट्यानं घालू शकेनात, तेव्हा त्यांच्या जोडीला एकोणीसच्या संध्याकाळी मी वही लावून ठेवली, आणि वीसला अण्णानं माप, फॅट दोन्ही ओढलं. एकोणीसची एक तासाची सुट्टीही त्याच शिल्लकीतून गेली.

एकवीसच्या सकाळी आठ दहाच्या गाडीला थांब्यावर उभा होतो. काकी डेअरीतून परत येत होती, हातात रिकामी चरवी. थांबली.

"आज डेरीत न्हाईस?"

"पेपर हाय काकी."

"आन् बिल?"

"झालंय. तुझं एकेचाळीस लिटर."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "बेचाळीस," ती म्हणाली. गाडी आली. संध्याकाळी उतरल्यावर आधी डेअरीत गेलो आणि वही उघडली. बेचाळीसच होते, मी एकोणीसपर्यंतचे धरून तिला अंदाजानं सांगितले होते.