कोळी, माशी आणि उलगडलेलं खोकं

नांदेड, १५ जून

रात्री जेवण उरकत असतानाच लातूरहून पुतणीचा फोन आला. बारावीचं वर्ष, त्यामुळे उद्योग भवनाच्या बाजूला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. "काका, एका गणितावर आमची भांडणं लागलीत. उत्तर ४० छापलंय, आम्हा तिघींनाही ४२ च येतंय."

गणित ऐकलं आणि ओळख पटली. हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराने ते १९०३ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात घातलं होतं. खोली ३० फूट लांब, १२ फूट रुंद, १२ फूट उंच. एका टोकाच्या भिंतीवर अगदी मधोमध, छतापासून १ फूट खाली कोळी. समोरच्या टोकाच्या भिंतीवर मधोमध, फरशीपासून १ फूट वर माशी. माशी हलत नाही. कोळ्याने भिंती, छत आणि फरशी यांवरूनच चालायचं, जाळ्याला लोंबकळायचं नाही. सर्वांत कमी अंतर किती?

पोरींनी केलं ते सरळ आहे. १ फूट वर चढा, छतावरून ३० फूट जा, पलीकडे ११ फूट उतरा. झाले ४२. फोनवर एवढंच म्हणालो, की खोली मनात धरू नकोस, पुठ्ठ्याचं खोकं कर आणि फाड. शनिवारी येतो.

नांदेड, २० जून

शाळेतून आल्यावर खोकं केलं. एका फुटाला एक सेंटिमीटर धरलं, म्हणजे ३० बाय १२ बाय १२. कोळी आणि माशी बाहेरच्या अंगाने काढले. पृष्ठ तेच आणि अंतरंही तीच, पण बाहेरून दोरा ताणता येतो. आतून ताणला तर तो भिंत सोडून हवेत येतो.

दोरा लावताना जे दिसलं ते पोरींना दाखवायलाच हवं. छतावरून सरळ नेलेला ४२ चा दोरा ताठ बसतो, बोटाने थोडा बाजूला सारला तर परत जागेवर येतो. असा दोरा हातात आला की माणसाला वाटतं, हाच सर्वांत छोटा. पण तो फक्त आपल्या शेजारच्या वाटांपेक्षा छोटा असतो. त्याच दोन खुणांमध्ये, वेगळ्या पृष्ठांवरून नेलेला दुसरा दोराही तितकाच ताठ बसतो आणि तो त्याहून आखूड निघू शकतो. दोरा कुठल्या पृष्ठांवरून न्यायचा हे आपणच ठरवतो, दोरा ते सांगत नाही. म्हणून प्रत्येक क्रम वेगळा उलगडून मोजल्याशिवाय सुटका नाही.

लातूर, २२ जून

सकाळच्या एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करत पोचलो. खोलीत पुस्तकांचे ढीग, खिडकीत वाळत घातलेले कपडे. पोरींनी एक खोकं फाडून ठेवलं होतं, पण त्यातून त्यांना ४० मिळत नव्हते.

चूक लगेच दिसली. माशीची भिंत त्यांनी छतापासून सोडवून लांब भिंतीला जोडली होती आणि माशी मात्र पूर्वीसारखीच, जोडापासून ११ वर ठेवली होती. भिंत वळली की तिच्यावरची खूणही वळते. छताला जोडलेल्या भिंतीवर माशी जोडापासून ११ वर असते, लांब भिंतीला जोडली तर ६ वर, फरशीला जोडली तर अवघ्या १ वर. तपासायची रीत सोपी आहे: पुठ्ठा परत दुमडायचा. माशी फरशीपासून एकवर, मधोमध आली नाही तर उलगडणं चुकलं.

मग वह्या काढायला लावल्या. छत आणि एक लांब भिंत अशी वाट: लांबीच्या दिशेने १ + ३० + ६ = ३७, आडवं ६ + ११ = १७. पायथागोरस लावला की ३७ चा वर्ग १३६९, १७ चा २८९, बेरीज १६५८. वर्गमूळ ४०.७ च्या आसपास. ४२ पेक्षा कमी! पुतणी म्हणाली, "मग संपलं की काका." मी म्हटलं, फरशी राहिली.

आता छत, लांब भिंत आणि फरशी एकाला एक लावली आणि माशीची भिंत फरशीच्या टोकाला. लांबीच्या दिशेने १ + ३० + १ = ३२. आडवं अर्धं छत ६, पूर्ण भिंत १२, अर्धी फरशी ६, मिळून २४. १०२४ आणि ५७६, बेरीज १६००. वर्गमूळ नेमकं ४०. खाली उतरायचं आहे आणि कोळी मात्र सहापैकी पाच पृष्ठं तुडवत जातो. हे दर वेळी मला नव्याने भिडतं.

रेषा पुठ्ठ्याबाहेर जात नाही ना, हेही पाहावं लागतं. नाहीतर कोळी नसलेल्या भिंतीवर चालतो. पट्टी ठेवून रेघ मारली. ती सगळीकडे लांबीच्या दिशेने ४ गेली की आडवी ३ जाते. टोकाच्या भिंतीवर १ चढताना पाऊण सरकते. मग छतावर येते आणि कोळ्याच्या भिंतीपासून ७ वर छत सोडून लांब भिंतीवर उतरते. तिथून तिरपी खाली, माशीच्या भिंतीपासून ७ अलीकडे फरशीवर. कुठेही पुठ्ठा सोडत नाही. पोरींनी तुकडे मोजले: सव्वा, पावणेनऊ, वीस, पावणेनऊ, सव्वा. मोठ्याने बेरीज केली आणि ४० आल्यावर खोकं दुमडून त्याच रेघेवरून दोरा लावला. दोरा ताठ बसला.

पुतणीची मैत्रीण उदगीरची आहे, बोलायला कमी. ती इतकंच म्हणाली, "सर, आमची खोली ३० फूट नाही. बारा फूट आहे. मग?"

नांदेड, २३ जून

बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात होता. रुंदी, उंची आणि कोळी-माशीच्या जागा तशाच ठेवल्या, फक्त लांबी बदलली. वर्गमूळ काढायची गरज नाही, वर्ग ताडून पाहिले की पुरे.

लांबी १२ असेल तर सरळ वाट २४, तिचा वर्ग ५७६. पाच पृष्ठांच्या वाटेत आडवं अंतरच २४ आहे, म्हणजे लांबीचं काही मिळवायच्या आधीच ती बरोबरीला आली. छत आणि एका लांब भिंतीवरून जाणारी चार पृष्ठांची वाट १९ आणि १७ ची: ३६१ अधिक २८९, म्हणजे ६५०. तीही हरली. म्हणजे त्या खोलीत १२ फूट लांबीला पोरींची पहिली वाटच बरोबर ठरते.

लांबी १९ पर्यंत हेच चालतं: सरळचा वर्ग ९६१, चार पृष्ठांचा ९६५. २० ला पारडं फिरतं: सरळचा १०२४, चार पृष्ठांचा १०१८. पुढे काही फूट चार पृष्ठांचीच सद्दी. आडवं १७ किंवा २४ जाण्याचा खर्च ठरलेला असतो, आणि खोली जितकी लांब तितका तो तिरप्या रेषेत कमी जाणवतो, हे कारण. २४ ला चार पृष्ठांचा वर्ग १२५०, पाच पृष्ठांचा १२५२. पुठ्ठ्यावर हा फरक पट्टीने पकडता येणार नाही, मिलिमीटरही होत नाही. २५ ला चार पृष्ठांचे १३१३ आणि पाच पृष्ठांचे १३०५.

ड्यूडनीने ३० का घेतले ते यातून कळतं. पाच पृष्ठांची वाट तिथे स्पष्ट जिंकते आणि वर्गमूळही पूर्ण येतं. रात्री हे आकडे पुतणीला पाठवले आणि त्याखाली पुढचं लिहिलं: खोली ३० चीच ठेवा, कोळी छतापासून २ फूट खाली आणि माशी फरशीपासून २ फूट वर न्या, आणि कोणती वाट जिंकते ते खोकं फाडून मला कळवा.