पंप खाली, हवा वर

आमच्या भिलाईत नुसतं ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो खिडकीत बसवलेला, वाळ्याचा वास येणारा पत्र्याचा कूलर. त्याच्या तळाशी एक छोटासा पंप पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. टाकीतलं पाणी कमी झालं की पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो, घर्र्र आवाज करतो आणि तसाच चालू राहिला तर जळतो. हे घरातल्या लहान मुलांनाही माहीत असतं. आज मला सांगायचंय ते कॉम्प्युटरमधल्या पाण्याच्या कूलरबद्दल, पण गोष्ट तीच आहे. पंपाला पाणी हवं, हवा नको.

माझा मोठा भाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्या कॉम्प्युटरला दुकानातूनच लिक्विड कूलर बसवून आला होता. हा कूलर कारखान्यातूनच पाणी भरून, सील होऊन येतो. एका टोकाला पंप आणि त्याखाली तांब्याची चकती, ती प्रोसेसरवर बसते. दुसऱ्या टोकाला रेडिएटर आणि पंखे. मधे दोन रबरी नळ्या. प्रोसेसरची उष्णता पाणी उचलतं, रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं आणि परत येतं.

दीड वर्ष सगळं छान चाललं. मग यंदाच्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, मशीन सुरू केलं की पोटात गुडगुडावं तसा आवाज यायला लागला. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की प्रोसेसरचं तापमान दोन मिनिटांत ९५ अंशांवर जायचं आणि काम रेंगाळायचं. तीन कुटुंबं व्हिडिओची वाट बघत होती. दादा म्हणाला, “अगं, पंप तर चालू दिसतोय!” आणि खरंच, HWiNFO मध्ये पंपाचे फेरे व्यवस्थित दिसत होते. फसगत होते ती इथेच. पंप हवेतही फिरतो, आणि स्क्रीनवर फक्त फेरे दिसतात, पाणी वाहतंय की नाही ते दिसत नाही.

ते कळायला हात पुरतो. मशीनवर काम चालू असताना दोन्ही नळ्यांना हात लावून बघा. पाणी नीट वाहत असेल तर दोन्ही साधारण सारख्याच कोमट लागतात. दादाच्या मशीनमध्ये एक नळी चटका बसेल इतकी गरम होती आणि दुसरी जवळपास गार.

मग मी शिवणाची टेप घेतली. कॅबिनेट नेहमीचं मिड-टॉवर. दुकानदाराने २४० मिलिमीटरचा रेडिएटर समोरच्या बाजूला, पंख्यांच्या खालच्या दोन जागांवर बसवला होता. रेडिएटरचं वरचं टोक कॅबिनेटच्या तळापासून ३१ सेंटीमीटरवर आणि पंप ३४ सेंटीमीटरवर. म्हणजे सगळ्या यंत्रणेत सर्वांत उंच जागा पंपाची होती.

माझे बाबा भिलाई स्टील प्लांटमध्ये होते. त्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले की पाण्याच्या लांब पाइपलाइनला जिथे चढ असतो, तिथे माथ्यावर हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवतात, कारण हवा तिथेच जाऊन बसते. सीलबंद कूलरला असा व्हॉल्व्ह नसतो. त्यामुळे त्यातल्या हवेला बसायला निरुपद्रवी जागा आपणच द्यायची असते, आणि ती जागा म्हणजे रेडिएटरचं वरचं टोक.

सीलबंद यंत्रणेत हवा येते कुठून, असं तुम्ही विचाराल. थोडी सुरुवातीपासूनच असते. शिवाय रबरी नळ्यांच्या भिंतींतून पाणी अगदी सावकाश, वाफेच्या रूपाने बाहेर झिरपत राहतं. गळती दिसत नाही, जमीन ओली होत नाही, पण वर्षागणिक पाणी कमी आणि हवा जास्त होत जाते. म्हणूनच ‘पहिलं वर्ष तर चाललं’ यावरून कूलर बरोबर बसवला आहे असं ठरत नाही. तेव्हा हवेचा बुडबुडा लहान होता, एवढंच. हार्डवेअर तपासणाऱ्या ‘गेमर्स नेक्सस’ या अमेरिकन चॅनेलने २०२० मध्ये यावर सविस्तर व्हिडिओ केल्यावर हा मुद्दा सगळीकडे पोहोचला.

आम्ही रेडिएटर कॅबिनेटच्या छताला हलवला. ही जागा मला सर्वांत निर्धास्त वाटते, कारण अख्खा रेडिएटरच पंपाच्या वर राहतो. पण आधी मोजून घ्या. रेडिएटर साधारण २७ मिलिमीटर जाड आणि पंखा २५, म्हणजे छताखाली ५२ मिलिमीटर तरी मोकळे हवेत. उंच, दिव्यांची रॅम असेल तर तिथेच अडतं. दादाची रॅम साधी होती, तिच्या डोक्यावर जेमतेम एक बोट जागा उरली. पंखे हवा वर बाहेर फेकतील असे लावले. यात ग्राफिक्स कार्डची गरम हवा रेडिएटरमधून जाते आणि प्रोसेसर काही अंश जास्त तापतो, हे खरं. पंप हवेत फिरण्यापेक्षा ते परवडतं.

छताला जागा नसेल तर समोरची बाजूही चालते. फक्त रेडिएटर वरच्या दोन जागांवर सरकवा आणि शक्य असेल तर नळ्यांचं टोक खाली ठेवा. रेडिएटरला नळ्या एकाच टोकाला जोडलेल्या असतात. ते टोक वर राहिलं तर हवा नेमकी नळ्यांच्या तोंडाशी साठते, पाणी तिच्यातून खळखळत पडतं आणि पाणी कमी झाल्यावर बुडबुडे पंपाकडे ओढले जातात. खाली राहिलं तर हवा दुसऱ्या टोकाला गुपचूप बसते. मात्र नळ्यांची लांबी बघा. ग्राफिक्स कार्ड लांब असेल तर त्यांना वळसा घालावा लागतो आणि नळी ताणली किंवा मुडपली तर फायदा शून्य. अशा वेळी नळ्या वर ठेवा, पण रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर असलंच पाहिजे. कॅबिनेटच्या तळाला मात्र रेडिएटर लावूच नका. काही मॉडेलमध्ये पंप रेडिएटरमध्येच असतो. तिथेही पंप कुठे आहे ते शोधून हाच हिशेब करायचा.

पंप काढला की जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची आणि चारही स्क्रू आलटून-पालटून, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. पंपाची वायर मदरबोर्डवर AIO_PUMP लिहिलेल्या पिनांवर आणि रेडिएटरच्या पंख्यांची CPU_FAN वर. ही दुसरी जागा रिकामी राहिली तर बरेच मदरबोर्ड सुरू होताना “CPU Fan Error” दाखवून थांबतात आणि माणूस उगाच घाबरतो.

सगळं जोडल्यावर मशीन बंद ठेवून आम्ही कॅबिनेट हळूहळू मागे-पुढे कलतं केलं, म्हणजे अडकलेली हवा वर सरकते. मग चालू केलं. अर्धा तास गुडगुड झाली आणि थांबली. नवीन जागी बसवल्यावर एवढा आवाज होतोच. दिवसभरानंतरही चालू राहिला तर पुन्हा उंची मोजा. खोलीत ३६ अंश असताना तोच एक्सपोर्ट लावला, तापमान ७६ च्या आसपास स्थिरावलं. खोलीच्या हवेपेक्षा गार तर हा कूलर कधीच करू शकत नाही. त्यामुळे मे महिन्यात भिलाईत बसून जानेवारीतले आकडे अपेक्षू नका.

दादाच्या कूलरमधलं उडून गेलेलं पाणी काही परत आलेलं नाही, आणि ते भरायची सोयही नाही. आता हवा रेडिएटरच्या माथ्यावर बसली आहे, एवढाच फरक. त्याने तिन्ही व्हिडिओ त्याच आठवड्यात दिले. पुन्हा गुडगुड सुरू झाली तर साधा पंख्याचा टॉवर कूलर घ्यायचा, असं त्याचं ठरलंय.