फॉर्ममधली चौथी चौकट

गृहप्रकल्पांच्या जाहिरातींची पानं तयार करणं आणि त्यांवरून आलेल्या चौकशा, म्हणजेच लीड, पुढे कुठवर जातात ते तपासणं हे माझं काम. या कामात एक प्रश्न सतत समोर येतो: फॉर्म छोटा ठेवायचा की मोठा? मार्केटिंगवाल्यांना नाव आणि मोबाइल एवढंच पुरतं, कारण त्यांचा हिशेब दर लीडमागच्या खर्चावर चालतो. विक्रीवाल्यांना बजेट, नोकरी, कर्ज लागेल का, घर कधी घ्यायचं हे सगळं हवं असतं, कारण दिवसभर फोन करून हाती काही न लागण्याचा त्रास त्यांच्या वाट्याला येतो. चौकट वाढली की लीड घटतात आणि उरलेल्यांचा कस वाढतो, हे दोघंही गृहीत धरतात. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. एखादी चौकट ठेवावी की नाही, हे तिच्या उत्तराचं पुढे कोण काय करतं यावर ठरतं. आणि अनोळखी, बिनकामाची गर्दी गाळायची असेल, तर ते काम फॉर्मच्या आधी पानावरच्या मजकुरानं करायला हवं.

हिशेब मांडून पाहू. समजा, पुण्याजवळच्या रावेतसारख्या भागात सर्व खर्च धरून ८५ लाखांपासून सुरू होणारे टू बीएचके विकायचे आहेत आणि जाहिरातीला एक लाख रुपये आहेत. दोन चौकटींच्या फॉर्मवर २५० लीड आले, त्यांतले १० जण साइटवर आले. सहा चौकटींच्या फॉर्मवर १०० लीड आले, त्यांतले ८ जण आले. दुसरीकडचा कस दुप्पट, तरीही दर साइट व्हिजिटमागे जाहिरातीचा खर्च पहिल्याचा दहा हजार आणि दुसऱ्याचा साडेबारा हजार. आता फोनचा खर्च मिळवू. एका लीडला सरासरी पाच वेळा फोन लावावा लागतो असं धरलं तर पहिल्याला १,२५० फोन लागतात, दुसऱ्याला ५००. दिवसाला शंभर फोन आणि हजार रुपये पगार असा टेलिकॉलरचा हिशेब धरला, तरी दर व्हिजिट पहिला फॉर्म ११,२५० रुपयांना आणि दुसरा १३,१२५ रुपयांना पडतो. म्हणजे फोन करायला पुरेशी माणसं असतील, तर छोटा फॉर्मच जिंकतो. विक्रीवाल्यांना हे पटत नाही, पण आकडे तसेच आहेत. चित्र पालटतं ते माणसं अपुरी पडली की. तेवढ्या दिवसांत सहाशेच फोन होणार असतील, तर छोट्या फॉर्मच्या २५० जणांपैकी निम्म्याहून अधिकांचा नीट पाठपुरावा होत नाही. ज्याला चौथ्या दिवशी फोन जातो, तो तोवर शेजारचा प्रकल्प पाहून आलेला असतो. मग दहा व्हिजिट पाच-सहावर येतात आणि मोठा फॉर्म पुढे जातो. म्हणून फॉर्मची लांबी ठरवण्याआधी टेलिकॉलर किती आहेत आणि लीड आल्यापासून पहिला फोन किती वेळात जातो, हे विचारावं.

आता कोणत्या चौकटी ठेवायच्या ते पाहू. ‘घर कधी घ्यायचं आहे?’ हा प्रश्न मी ठेवतो, कारण त्याच्या उत्तरावरून आज फोन करायचा की तीन महिन्यांनी हे ठरतं. टू की थ्री बीएचके, हेही ठेवतो. फोनवर बोलायला सुरुवात मिळते. ‘बजेट किती?’ ही चौकट मात्र सहसा वाया जाते. घासाघीस करायची असल्यानं माणूस खरा आकडा सांगत नाही, किंवा यादीतला पहिला पर्याय निवडून मोकळा होतो. हे ओळखायची सोपी रीत आहे: पर्यायांचा क्रम उलटा करून पाहा. उत्तरंही उलटली, तर त्या चौकटीतून काहीच कळत नव्हतं. ईमेलचं तसंच, कोणी मेल पाठवणार नसेल तर तो मागायचाच कशाला? आणि माणूस कोणत्या जाहिरातीवरून आला हे त्याला विचारण्याची गरजच नाही. ते छुप्या चौकटीत आपोआप नोंदवता येतं आणि त्यासाठी त्याला काही टाइप करावं लागत नाही.

मोठ्या फॉर्मच्या बाजूनं असं म्हणतात, की जो कष्ट घेतो तोच खरा गरजू. हे मला पटत नाही. लोकलमध्ये उभं राहून मोबाइलवर टाइप करणारा अभियंता सहा चौकटी पाहून पान बंद करतो. निवांत बसलेला, नुसती चौकशी करणारा माणूस त्या सगळ्या भरतो. ओटीपीचंही असंच आहे. चुकीचे आणि खोटे नंबर त्यानं गळतात, हा फायदा खरा आहे. पण ओटीपीसाठी फॉर्म फक्त दहा आकडी भारतीय नंबर स्वीकारत असेल, तर पुण्यात घर शोधणारं दुबईतलं मराठी कुटुंब दारातूनच परत जातं, आणि ते आलं होतं हेसुद्धा आपल्या आकड्यांत दिसत नाही. परदेशी नंबरांसाठी देशाचा कोड आणि व्हॉट्सअ‍ॅपचा पर्याय ठेवावा.

ज्याला ८५ लाख परवडत नाहीत त्याला बजेट विचारून गाळण्यापेक्षा पानावर किंमत लिहावी. किंमत वाचून तो स्वतःच निघून जातो, आणि ज्याला परवडतं त्याला एकही जादा चौकट भरावी लागत नाही. त्यावर बिल्डर म्हणतात, किंमत दाखवली तर लीड पडतील. माणूस एकदा साइटवर आला की विक्रेता त्याला पटवतो. लीड पडतात हे खरंच आहे. पाच-सात लाखांची ओढाताण असलेला माणूस सॅम्पल फ्लॅट पाहून तयार होतो, हेही खरं. म्हणून मी नेमका आकडा न देता एक पट्टा देतो. पण स्टॅम्प ड्यूटी, जीएसटी आणि पार्किंग बाजूला ठेवून एकाच फ्लॅटची ‘सुरुवातीची किंमत’ लिहिली, तर आलेल्या माणसाला साइटवर फसवल्यासारखं वाटतं आणि त्याची एक फेरी दोन्ही बाजूंना फुकट जाते.

विश्वासाच्या खुणांतही असाच फरक करावा लागतो. ‘शंभर टक्के सुरक्षित’ किंवा ‘हजारो समाधानी कुटुंबं’ अशा शिक्क्यांनी फॉर्म भरणारे वाढतीलही, पण सगळ्याच प्रकारचे. तपासता येणारी माहिती योग्य माणसाला धीर देते आणि अयोग्य माणसाला वेळीच परत पाठवते. जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक देणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही द्यावा लागतो. तो सगळेच देत असल्यानं नुसता कोड पाहून कोणी भारावत नाही. पण तो स्कॅन करणारा ग्राहक गंभीर असतो. पानावरची ताब्याची तारीख आणि महारेराच्या नोंदीतली तारीख यांत दोन वर्षांचं अंतर दिसलं, की नेमका तोच हातचा जातो. म्हणून दोन्ही तारखा लिहाव्यात, आणि अलीकडची तारीख कशाच्या आधारावर दिली आहे तेही. बटणाखालच्या बारीक अक्षरांतल्या ‘आमचे सहयोगी आपणास फोन करतील’ या ओळीनंही भरवसा उडतो, कारण पुढे दहा एजंटांचे फोन येणार हे लोकांना आता ठाऊक आहे. कोण फोन करेल आणि कधी, हे तिथेच सांगावं. नंबर बाहेर जाणार नसेल तरच तसं लिहावं.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. गुगल आणि मेटा यांची यंत्रणा आपण कळवलेल्या लीडवरून शिकते. लीड फार कमी झाले तर तिला शिकायला पुरेसं काही उरत नाही. उलट नुसत्या फॉर्मची संख्या कळवत राहिलो, तर ती आपल्याला फॉर्म भरणारी माणसं आणून देते, घर घेणारी नव्हेत. यावर मी छोटा फॉर्म ठेवून, टेलिकॉलरनं बोलून पात्र ठरवलेल्या लीडची माहिती यंत्रणेला परत पाठवतो. पण टेलिकॉलरनं प्रत्येक नोंद त्याच दिवशी केली नाही, तर हा उपाय चालत नाही. आणि वरच्या हिशेबातल्यासारखा १० विरुद्ध ८ व्हिजिटांचा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. एका प्रकल्पाच्या एका महिन्याच्या आकड्यांवरून कोणताही फॉर्म जिंकला असं मी जाहीर करत नाही, आणि कोणी केलं तर त्यांच्याकडे आधी व्हिजिटांची संख्या मागा.